मेल वाचून दाखव

थोरल्या दिरांना सगळं येत होतं. गाडी येत होती, राजकारण येत होतं, डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्यांतली कुठली घ्यायची नाही हेही येत होतं. रस्ते तर काय, त्यांच्या मते ते जन्माला आल्यावरच सरकारने बांधायला घेतले. असा माणूस घरोघरी एक असतो, आणि घर त्याला सहन करतं, कारण सहन नाही केलं तर तो दुप्पट बोलतो.

धाकटी सून मात्र आता सहन करायला तयार नव्हती.

झालं होतं असं. मागच्या वर्षी सगळं घर सहलीला गेलं. हॉटेलचं बुकिंग धाकटीने केलेलं. तिची आईही बरोबर होती, कारण ती एकटी राहते आणि सासूबाईंनीच आग्रह केला होता. पोचता पोचता धाकटी म्हणाली, "भाऊजी, हॉटेलला एक फोन करून विचारते, कुठल्या दाराने आत घ्यायचं." थोरले म्हणाले, "फोन कशाला? डोळे दिलेत ना देवाने." आणि गाडी नेऊन उभी केली ती स्वयंपाकघराच्या मागच्या दाराशी, जिथून भाजी आणि गॅसची सिलिंडरं आत जातात. "उतरा, हेच दार!" पायऱ्या नुकत्याच धुतलेल्या. सगळ्यात आधी उतरली ती धाकटीची आई, कारण तिला कुणाला थांबवून ठेवायचं म्हटलं की कसंतरी होतं. घसरली ती थेट खुब्यावर पडली. हाड मोडलं, ऑपरेशन झालं, आणि रोज संध्याकाळी पायी भटकणारी बाई वॉकर धरून न्हाणीघरापर्यंत जायला लागली.

एवढ्यावर भागतं तरी धाकटीने गिळलं असतं. पण दवाखान्यात, सगळ्यांसमोर, थोरले म्हणाले, "बुकिंग करणाऱ्याने दार कुठलं ते आधी विचारायला नको?" म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी! सासऱ्यांनी मान हलवली. नवऱ्याने छताकडे पाहिलं. तेव्हापासून घरात ही गोष्ट निघाली की "हिच्या बुकिंगच्या वेळी" अशीच निघायची. आई म्हणायची, "जाऊ दे गं, मुद्दाम कोण करतं." आई म्हणजे गरीब गाय. धाकटीने मनाशी ठरवलं की आईच्या वाटचा रागही आपणच धरायचा, आणि एक दिवस सगळ्यांसमोर त्या माणसाच्या तोंडून खरं वदवायचं. बाकी काही नको होतं तिला.

या वर्षी सासूसासऱ्यांच्या लग्नाला पन्नास वर्षं झाली. हॉटेल दुसरं, पण बुकिंग पुन्हा धाकटीकडे. "तूच कर," थोरले म्हणाले, "फक्त या वेळी जरा नीट." तिने ओठ चावला आणि ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत हॉटेलला मेल लिहिला.

"नमस्कार. आमचं शनिवारचं बुकिंग आहे, बुकिंग क्रमांक खाली दिला आहे. दोन गाड्या, त्यात एक बाई वॉकरवर. कृपया कळवा: एक, हॉटेलचा नेमका पत्ता, कारण मॅपवर तुमच्या नावाच्या दोन खुणा दिसतात. दोन, पायरी न चढता लिफ्टपर्यंत जाता येईल असं सगळ्यात जवळचं दार कुठलं. तीन, पार्किंग आत आहे का, आमच्यासाठी जागा राखता येईल का. उत्तर लेखी द्यावं ही विनंती."

शेवटचं वाक्य लिहिताना तिला फार बरं वाटलं.

नवऱ्याच्या तोंडात तीळ भिजत नाही. त्याने ते भावाला सांगितलं, आणि रात्री घरच्या ग्रुपवर थोरल्यांचा मेसेज आला: "हॉटेलला अर्ज केलाय म्हणे! राहायला चाललोय की नोकरीला? माझ्या मागे या सगळे, मी पोचवतो." खाली पुतण्यांचे हसरे चेहरे रांगेने.

दुसऱ्या दिवशी हॉटेलच्या रिझर्वेशनमधून उत्तर आलं. बाईने प्रत्येक प्रश्नाला नीट उत्तर दिलं होतं. "मुख्य रस्त्यावरचं पुढचं गेट दुरुस्तीसाठी बंद आहे. मॅपवरची जुनी खूण अजून तिथेच नेते, कृपया तिकडे येऊ नये. तो रस्ता एकेरी आहे आणि चुकल्यास पुढच्या पुलाखालून वळून यावं लागतं. सध्या प्रवेश मागच्या रस्त्याने. गेटच्या आधी पेट्रोल पंप लागेल, तो ओलांडला की लगेच डावीकडे. तिथे उतार आहे, पायरी नाही, लिफ्ट समोरच. पार्किंग तळघरात आहे, लिफ्टजवळच्या दोन जागा आपल्यासाठी राखू. गाड्यांचे नंबर कळवल्यास गेटवर देऊन ठेवतो. नेमक्या जागेची लिंक सोबत आहे."

धाकटीने ते दोनदा वाचलं. बोट ग्रुपवर पाठवायच्या बटणापाशी गेलं आणि थांबलं. का पाठवायचं? कोणी मागितलंय? 'माझ्या मागे या' म्हणणारा पुढे जाऊ दे की! मुख्य रस्त्यावर, बंद गेटसमोर, मागे हॉर्नचा गजर. आपण मात्र आईला उतारावरून अलगद आत न्यायचं, आणि भाऊजी घामाघूम होऊन आले की विचारायचं, "का हो भाऊजी, डोळे दिले होते ना देवाने?" तिने हॉटेलला दोन्ही गाड्यांचे नंबर कळवले, आभार मानले आणि फोन पर्समध्ये टाकला. नवऱ्यालाही सांगितलं नाही. त्या दिवशी तिने हिशोबाचं कंटाळवाणं काम गुणगुणत केलं.

शनिवारी दोन गाड्या निघाल्या. पुढे थोरल्यांची नवी उंच गाडी, त्यात त्यांची बायको, मुलं आणि सासरे. मागे धाकटीची, त्यात नवरा, सासूबाई आणि आई. अर्ध्या वाटेवर चहाला थांबले. धाकटी कप परत द्यायला गेली आणि येऊन पाहते तो वॉकर थोरल्यांच्या डिकीत!

"मावशींना पुढे घेतलंय माझ्याकडे," थोरले म्हणाले. "तुमच्या त्या डबीत पाय कुठे लांब करणार त्या?" पुतण्याला उठवून डबीत पाठवलं होतं. आई पुढच्या सीटवर बसून पट्टासुद्धा लावून मोकळी.

"आई, तू इकडेच बस!"

"असू दे गं. हौसेने बोलावतायत." आणि काच वर गेली.

धाकटीने काचेवर टकटक केलं, तोवर गाडी निघालीसुद्धा. ज्या गाडीसाठी तिने खड्डा मोकळा ठेवला होता, त्याच गाडीत आई! तो माणूस बंद गेट पाहून काय करणार हे तिला लख्ख दिसत होतं: 'उतरा मावशी, इथून दोन पावलं.' फूटपाथची उंच कड, उखडलेल्या फरश्या, मागे हॉर्न. आणि आई उतरणार, कारण लोकांना थांबवून ठेवायचं म्हटलं की तिला कसंतरी होतं. शाब्बास गं माझ्या बाई, धाकटीने स्वतःला म्हटलं, आईचा सूड घ्यायला निघालीस आणि आईचंच दुसरं हाड मोडणार.

तिने थोरल्यांना फोन लावला. त्यांनी कापला. पुन्हा लावला, पुन्हा कापला. मग कसला सूड आणि कसलं काय! तिने हॉटेलचा अख्खा मेल आईच्या फोनवर पाठवला. "आई, हा मेल भाऊजींना मोठ्याने वाचून दाखव. लगेच. पुढचं गेट बंद आहे." दोन निळ्या खुणा उमटल्या. आईचं उत्तर आलं: "वाचला. काळजी नको."

संपलं. भाऊजी आता थाटात बरोबर दारी पोचणार आणि वर म्हणणार, 'बघा, पोचवलं की नाही!' धाकटीला रडायला आलं. सासूबाईंनी विचारलं, "काय झालं गं?" ती म्हणाली, "काही नाही, ऊन लागतंय."

थोरल्यांची गाडी पुढे दिसेनाशी झाली होती. धाकटीने नवऱ्याला मागच्या रस्त्याने घ्यायला लावलं, आणि पेट्रोल पंप ओलांडला तशी डावीकडे. गेटवर नंबर पाहून लगेच दांडी वर गेली. तळघरात लिफ्टजवळ दोन जागा राखलेल्या होत्या आणि दोन्ही रिकाम्या. थोरल्यांची गाडी पुढे होती, मग गेली कुठे?

तेवढ्यात वरून, रस्त्याच्या बाजूने, हॉर्नचा कल्लोळ ऐकू आला.

धाकटी धावत सुटली. लॉबीतून पुढच्या अंगणात, सिमेंटच्या गोण्या ओलांडून, बंद गेटला लावलेल्या पत्र्यांपाशी. दोन पत्र्यांमध्ये फट होती. पलीकडे हाताच्या अंतरावर ती उंच गाडी, आणि उघड्या खिडकीत आई.

"मावशी, उतरा ना," थोरले दार धरून उभे होते. शर्ट पाठीला चिकटलेला. "इथून दोन पावलं असेल. मी हात देतो."

"मी नाही उतरणार," आई म्हणाली.

"अहो, मागे सगळा रस्ता तुंबलाय!"

"तुंबू दे."

धाकटीने कानावर विश्वास ठेवायला जरा वेळ घेतला. आईने मांडीवरची पर्स सरळ केली. "मागच्या वर्षी तुम्ही म्हणालात 'उतरा', मी उतरले. ते दार कोणी दाखवलं होतं?"

"आता तो विषय कशाला, मावशी?"

"मला घाई नाही. कोणी दाखवलं होतं?"

मागे एक ट्रकवाला हातभर शिव्या देत होता. पोलीस शिट्टी फुंकत येत होता. थोरले इकडेतिकडे पाहून पुटपुटले, "मी."

"मोठ्याने सांगा. मागे तुमचे वडील बसलेत, त्यांना कमी ऐकू येतं."

"मावशी, प्लीज..."

आईने सीट थोडी मागे केली आणि पाय लांब केले.

"मीच!" थोरले ओरडले. "बाबा, ते दार मीच दाखवलं होतं! हॉटेलला फोनही मीच करू दिला नव्हता!" मागच्या सीटवरून सासऱ्यांचा आवाज आला, "मग वर्षभर त्या पोरीला का बोललास, गाढवा?"

"हं," आई म्हणाली. "बसा आता. पुलाखालून वळून घ्या. पंप ओलांडला की लगेच डावीकडे. सगळं लिहून आलंय, वाचून दाखवते."

गाडी हलता हलता आईला फटीतला लेकीचा डोळा दिसला. ती हसली नाही, नुसती मान हलवली.

तळघरात धाकटीने डिकीतून वॉकर काढून आईपुढे केला. थोरले सामान उचलून लिफ्टकडे गेले होते, खाली मान घालून.

"आई, मेल तर तू लगेच वाचला होतास."

"वाचला होता."

"मग वाचून दाखवला का नाहीस? मी किती घाबरले! माझा सूड सोडून मी तो मेल तुला पाठवला."

आईने वॉकर नीट टेकवला, तोल सांभाळला, आणि लेकीकडे असं पाहिलं, जसं ती लहानपणी चोरून साखर खाताना सापडल्यावर पाहायची.

"तुझा कसला सूड?" आई म्हणाली. "हाड माझं मोडलं होतं."