अर्दी पुरो?

"आकडा हललेलाच नाही," डॉक्टर म्हणाले. त्यांनी रक्ताचा रिपोर्ट टेबलावर उलटा फिरवून गौरवीच्या पुढ्यात सरकवला. "रक्त अजून दाटच आहे. गोळी रोज घेतात ना?"

"घेतात," गौरवी म्हणाली.

"अख्खी?"

"हो, अख्खी. गेल्या वेळी तुम्ही अर्धीची एक केलीत तेव्हापासून."

शेजारच्या खुर्चीत तिची सासू सरस्वती पिशवी मांडीवर घेऊन बसली होती. पिशवीत आजच्या बाजारातून घेतलेले उंडे पाव होते, आणि त्यांच्या ताज्या वासाने खोली भरली होती. गौरवीने तिच्याकडे पाहून विचारलं, "घेता ना हो, आई?"

"घेतां मगो. एक दीस चुकूंक ना," सरस्वती म्हणाली.

डॉक्टरांनी पेन उचललं. सरस्वतीच्या हृदयाचे ठोके अधूनमधून भरकटत. तसं झालं की आत रक्ताची गुठळी होऊ शकते, ती मेंदूत गेली तर एक बाजू लुळी पडू शकते, म्हणून ही रक्त पातळ करणारी गोळी. कमी पडली तर गुठळीची भीती, जास्त झाली तर रक्तस्रावाची. "एकीने भागत नाही तर दीड करू," ते म्हणाले. "आज रात्रीपासून. आणि बाजारात बसणं सध्या नको."

शेवटचं वाक्य सरस्वतीला अगदी नीट कळलं. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात ती गेली कित्येक वर्षं तवशी, मिरच्या आणि नारळ घेऊन बसत होती. जागाही ठरलेली, शेजारणीही ठरलेल्या. "बाजार ना तर हांव घरांत बसून कितें करूं? भिंतीकडे उलोवं?" ती पेडण्याच्या बसमध्ये चढेपर्यंत बडबडत राहिली.

गौरवीने मान हलवली.

मान हलवण्यात ती तरबेज झाली होती. ती साताऱ्याची. लग्न होऊन पेडण्याला आली तेव्हा तिला वाटलं होतं, कोकणीच तर आहे, महिन्याभरात येईल. पण सासू बोलायची ती ना टीव्हीवरची कोकणी होती, ना मालवणी. घाईत असली की शब्दांची शेपटं खायची, खुशीत असली की दोन गोष्टी एकात एक गुंफायची. सुरुवातीला गौरवी "काय म्हणालात?" विचारायची. मग रोज किती वेळा विचारायचं याची लाज वाटू लागली. मग ती चेहरा बघून हसू लागली आणि सूर बघून मान हलवू लागली. नवरा गौरेश बोटीवर होता, चार-चार महिने समुद्रात. त्याचा फोन आला की ती सांगायची, "आमचं मस्त जमतं." ते खोटंही नव्हतं. सासू तिच्यासाठी माशाचा मधला तुकडा राखून ठेवायची, ती सासूचे पाय चेपून द्यायची. फक्त बोलणं तेवढं राहून गेलं होतं.

पण आज दीड गोळी नीट समजावून सांगायला हवी होती, आणि तिच्या मराठीवर सासूचं एकच म्हणणं असायचं: "तूं पेपर वाचल्यासारकी उलयता गो."

संध्याकाळी सरस्वती गोठ्यामागे शेणी गोळा करत असताना गौरवी ओसरीवर फोन घेऊन बसली. आपल्या कार्यालयातली पत्रं लिहायला ती फोनमधल्या बोलणाऱ्या एआय मदतनिसाला नेहमी कामाला लावायची. तिने सगळी हकीकत सांगितली आणि म्हणाली, "हे माझ्या सासूबाईंना पेडण्याकडच्या बोलीत लिहून दे. आणि वाचूनही दाखव, त्यांना वाचायला दिसत नाही."

फोनमधला बाईचा आवाज म्हणाला, "आधीच सांगते, पेडण्याकडच्या बोलीत मी कच्ची आहे. ही बोली बोलली पुष्कळ जाते, पण लिहिली क्वचित जाते, आणि मी शिकले ती लिहिलेल्यातून. मी प्रयत्न केला तर थोडी मालवणी, थोडी पुस्तकी कोकणी आणि वर मराठी अशी सरमिसळ होईल. वाक्य खात्रीचं वाटेल, पण चूक कुठे आहे ते मला स्वतःला ओळखता येणार नाही. गोळीच्या बाबतीत तो धोका नको. त्यापेक्षा अगदी सोप्या मराठीत लिहून देऊ?"

गौरवीला हसू आलं. इतकं हुशार यंत्र, आणि सरळ म्हणतं कच्ची आहे! "मराठी चालत नाही म्हणून तर तुला विचारतेय. तू लिही तर खरी."

"गोळीचं माप घालणार नाही, नुसतं एक साधं वाक्य करून बघते. तुमच्या घरात कुणी तरी ते तपासायला हवं."

आणि फोन बोलला, "सासूमांय, तुमी सदांच सांजवेळा वोखद घेवचें, इसराक नको हां."

शेणीची पाटी घेऊन सरस्वती दाराशी आली होती. ती जागच्या जागी थांबली. "कोण ती?"

"फोन, आई. तुमच्या भाषेत बोलतोय."

"माझ्या? परत लाय बघूं."

गौरवीने परत लावलं. सरस्वतीने पाटी खाली ठेवली, पदर तोंडाला लावला आणि हसत सुटली. "अर्दो सावंतवाडेचो, अर्दो मडगांवचो! आनी सासूमांय म्हणून तोंडार कोण साद घालता गो? शेजाऱ्यांक सांगतना म्हणपाचें तें!" तिने शेजारणीला हाक मारून बोलावलंच असतं, गौरवीने कसंबसं थांबवलं.

"ऐकलंस ना?" ती फोनला म्हणाली. "हसतायत."

"बरं झालं तपासलं," आवाज म्हणाला. त्यात राग नव्हता, ओशाळलेपणही नव्हतं. "आता सोपी मराठी करूया. एका वाक्यात एकच गोष्ट. मात्रा, सेवन, नियमित असले शब्द नकोत. दोन्ही भाषांत सारखे कळतील असे शब्द घेऊ. तुम्ही गोव्यात आहात म्हणून 'पूर्ण' टाळते, त्याने घोळ होऊ शकतो; 'आख्खी' घेते. आणि सांगून झाल्यावर 'कळलं का' असं विचारू नका. न कळताही माणूस हो म्हणतो. कशी घेणार ते त्यांनाच सांगायला लावा, गोळ्या हातात देऊन."

न कळताही माणूस हो म्हणतो. गौरवीचे कान गरम झाले.

फोनने सावकाश वाचलं: "ही रक्ताची गोळी. रोज रात्री घ्या. आजपासून दीड गोळी. दीड म्हणजे एक आख्खी आणि एक अर्धी."

सरस्वती ओसरीच्या पायरीवर बसून कान देऊन ऐकत होती. संपल्यावर म्हणाली, "हें बरें उलयता. हें कळ्ळें माका."

गौरवीने गोळ्यांची पट्टी आणि अडकित्ता तिच्यासमोर ठेवला. "मग दाखवा, आज किती घेणार?"

सरस्वतीने एक गोळी बाहेर काढली, अडकित्त्याने तिचे दोन तुकडे केले आणि एक तुकडा बाजूला ठेवला. मग दुसरी अख्खी गोळी काढून त्याच्या शेजारी ठेवली. "ही म्हजी सदांची अर्दी. आनी ही आज नवी दिली ती आख्खी."

"सदांची अर्धी?" गौरवी म्हणाली. "आई, तुम्ही रोज अर्धीच घेता?"

"मागीर कितली घेवं? तूंच सांगलें. हांवें विचारलें तुका, 'अर्दी पुरो?' तूं म्हळें, 'हो, पुरी.'"

गौरवीला तो प्रसंग आठवला. स्वयंपाकघरात, डाळीला फोडणी देताना. सासूने पाठीमागून काहीतरी विचारलं होतं. 'अर्धी' आणि 'पुरी' एवढंच तिच्या कानावर पडलं. तिला वाटलं, विचारतायत अर्धी की पुरी? तिने वळूनही न बघता सांगितलं होतं, हो, पुरी. अख्खी.

"पुरो म्हणजे काय, आई?"

"पुरो म्हळ्यार पुरो गो! बस. आनी नाका."

दोघींनी एकच शब्द उच्चारला होता, आणि सगळे दिवस सासू अर्ध्या गोळीवर होती. डॉक्टरांनी तिला अख्खी गोळी पुरत नाही असं समजून दीड केली होती.

तिने तिथूनच डॉक्टरांना फोन लावला. त्यांना सरळ सांगितलं, "चूक माझी. त्यांचं बोलणं मला कळलं नव्हतं, मी कळल्यासारखं केलं." डॉक्टर म्हणाले, "बरं झालं वेळेत सांगितलंत. दीड अजिबात देऊ नका. एकच अख्खी द्या आणि आठवड्याने पुन्हा रक्त तपासा."

फोन ठेवून गौरवी सासूच्या शेजारी पायरीवर बसली. आता थांबण्यात अर्थ नव्हता.

"आई, मला तुमचं अर्धं बोलणं कळत नाही. दोन वर्षं झाली. मी नुसती मान हलवते."

सरस्वतीने डोळे मोठे केले. मग तिच्या गालाला खळी पडली. "माका खबर आसा."

"माहीत होतं?"

"तूं घाई जाल्यार खूब मान हालयता. हांव मनांत म्हणटां, हें परत कोंबडें जालें दाणे टिपपी." ती थांबली. "आनी हांवय मान हालयतां. तुजें तें 'अनुषंगाने' कितें गो?"

गौरवी इतकी हसली की डोळ्यांत पाणी आलं.

त्या रात्रीपासून घरात एक नवी रीत पडली. न कळलं की ओरडून सांगायचं. "कळलं नाही!" स्वयंपाकघरातून यायचं. "कळूंक ना!" अंगणातून यायचं. वाक्य दुसऱ्यांदा यायचं ते लहान होऊन, तरीही नाही कळलं तर हातवारे करत. पहिल्या दोन दिवसांत शेजारणीला वाटलं, सासूसुनेचं बिनसलं. आठवड्याने रिपोर्ट आला तो हवा तसा, आणि डॉक्टरांनी बाजाराला अर्धा दिवस परवानगी दिली.

रविवारी दुपारी दोघी मागच्या दारी काजूच्या बिया सुकत घालत होत्या. सरस्वती म्हणाली, "गौरवी, चवथीक हांवें तुका शेवंतीची गजाल सांगलेली. तूं हांसलें."

गौरवीचा हात थांबला. "कोण शेवंती?"

"म्हजी चली, लेक. गौरेशाच्या आदली. तीन वर्सांची आसतना गेली, जोरान." तिने तळहात कपाळाला लावून ताप दाखवला आणि बी उलटवली. "तूं हांसलें म्हणून माका वायट दिसलें. मागीर परत केन्नाच सांगूंक ना. आतां कळ्ळें, तुका कळूंक नासलें."

गौरवीने डोळे पुसले आणि ती म्हणाली, "मला आत्ता सांगा. पहिल्यापासून. मी विचारीन मध्ये मध्ये."

सरस्वतीने ओच्यातल्या बिया चटईवर ओतल्या आणि सांगायला लागली. दुसऱ्याच वाक्यात गौरवीने तिचा हात धरला. "आई, 'मोगाळ' म्हणजे?"

सरस्वती विचारात पडली. तिला चटकन दुसरा शब्द सापडेना. माडाच्या झावळ्यांमधून येणारा वारा चटईचा कोपरा उचलत होता. तिने त्यावर पाय ठेवला, लाडकं मूल कवटाळावं तसे दोन्ही हात छातीशी धरले आणि सावकाश शब्द शोधत राहिली. गौरवी वाट बघत राहिली.