उघडं फोल्डर

"बाबा, आईचे शिवणाचे पॅटर्न दुसराच कोणीतरी विकतोय," मुलगी फोनवर म्हणाली. "फोटोसकट. फोटोत आईचा हात आहे."

बाबा भांडी घासत होते. साबणाच्या हातानेच त्यांनी फोन कानाला लावला होता. "हात तिचाच कशावरून?"

"मधल्या बोटात अंगुस्तान आहे, आणि नख ते नेहमीचं, कडेला तुटलेलं. मी आईचा हात ओळखणार नाही का? संध्याकाळी येते. तोवर कॉम्प्युटरला हात लावू नका."

ही ताकीद बाबांना थोडी लागली. जन्मभर त्यांनी लिफ्ट दुरुस्त केल्या होत्या. अख्ख्या इमारतीने आपला जीव त्यांच्या हवाली केला, आणि पोटची पोर मात्र कॉम्प्युटर हवाली करायला तयार नव्हती.

बायकोची साइट छोटीच होती. मुलांचे फ्रॉक, शर्ट, एप्रन यांचे पॅटर्न ती फाइल करून विकायची. घेणाऱ्याने साध्या कागदावर छापायचे, पानं चिकटवायची आणि कापड कापायचं. जोडीला शिवणकामाची दोन ई-पुस्तकं होती. बायको गेल्यावर मुलगी म्हणाली होती, "साइट बंद करू या. मला वेळ नाही आणि तुम्हाला जमणार नाही." बाबा हट्टाला पेटले. "मी बघतो," म्हणाले, आणि खरोखरच बघू लागले.

मुलगी आली, चप्पल काढली आणि पाणीसुद्धा न पिता खुर्चीत बसली. त्या परक्या दुकानातून एक फाइल तिने मुद्दाम विकत घेतली होती.

"हे पानाच्या तळाशी बघा. काय दिसतं?"

"काही नाही."

"तेच तर. आपल्या साइटवरून फाइल उतरवली की तळाशी घेणाऱ्याचा ईमेल बारीक अक्षरात छापून येतो. आईनेच लावून घेतलं होतं. इथे कोणाचाच ईमेल नाही. म्हणजे ही फाइल गिऱ्हाइकाकडून फुटलेली नाही. थेट आपल्या घरातून गेली आहे."

बाबांनी उगाच चष्मा पुसला.

"बाबा."

"लोकांची लिंक बंद पडायची गं. तीन दिवसांनी मरते ती. बायका बिचाऱ्या लिहायच्या, प्रिंटर बिघडला होता, माहेरी गेले होते. पैसे भरलेल्या माणसाला मी काय दारात उभं करू?"

"मग काय केलंत?"

"तुझ्या आईचं फोल्डर होतं ना, सगळ्या मूळ फाइलींचं. त्याचीच लिंक काढून दिली. ती मरतच नाही."

मुलीने कपाळावर हात मारून घेतला, मग तसाच तोंडावर आणला, कारण तिला हसू फुटत होतं. "ती मरत नाही, कारण ज्याच्या हाती लागेल त्याला उघडते. एक फ्रॉक घेतलेल्या बाईला तुम्ही अख्खं कपाट दिलंत. किल्लीसकट. आणि हे बघा." तिने साइटच्या मागच्या बाजूला एक जुनी ऑर्डर उघडली. कोपऱ्यात बटण होतं : नवीन लिंक पाठवा. "हे दाबलं असतं तर त्याच गिऱ्हाइकाला त्याच वस्तूची ताजी लिंक गेली असती."

"एवढंसं बटण," बाबा म्हणाले. "लिफ्टमध्ये असलं बारीक बटण ठेवलं असतं तर लोक जिन्याने गेले असते."

फोल्डरचं दार तिने तिथल्या तिथे बंद केलं. आता ते फक्त त्या दोघांना उघडणार होतं. ज्यांनी आधीच उतरवून घेतलं, त्यांच्याकडून मात्र काही परत येणार नव्हतं, हेही तिने सांगितलं. मग लिंक कोणाकोणाला दिली ते बघायला तिने पाठवलेले ईमेल उघडले, आणि वाचता वाचता थांबली.

"बाबा, आई कधीपासून 'फाइल अडकली असेल तर दोन मिनिटं थांबून परत दाबा' असं लिहायला लागली?"

प्रत्येक ईमेलखाली बायकोची सही आपोआप लागत होती : तुमची शिवणताई. ती काढायची कशी हे आपल्याला माहीत नव्हतं, असं बाबा म्हणाले.

"विचारलंही नाहीत."

"नाही विचारलं."

एका ईमेलवर बोट ठेवून मुलगी म्हणाली, "ह्या शिवणाच्या क्लासवाल्या बाई. ह्यांना तुम्ही लिहिलंय, 'घ्या, खुशाल वापरा.' आधी ह्यांना फोन करा. तुम्हीच करा."

फोनवर क्लासवाल्या बाईंनी शिवणताईंचं नाव ऐकताच आवाज चढवला, पण लाडाने. "अहो, शिवणताईंच्या घरून? ताईंना सांगा, हल्ली फार तोडून लिहिता हो. आधी कशा, प्रिंट शंभर टक्क्यांवर ठेवा, पानावर मावेल तसं छापू नका, नाहीतर फ्रॉक बाहुलीला होईल, असं दहा वेळा बजावायच्या. आता आपलं 'घ्या, खुशाल वापरा.' मी म्हटलं, ताईंना वैताग दिलेला दिसतोय घरात कोणीतरी."

"ते फोल्डर तुम्ही कोणाला दिलं का?"

"क्लासच्या ग्रुपवर टाकलं की. मुलींना सरावाला. खुशाल म्हणालात ना? का, काय झालं?"

बाबांनी झालेली गोष्ट सांगितली. मग बाई ओशाळून म्हणाल्या, "आमच्या क्लासमधलंच असेल कोणी. मी ग्रुपवरून काढायला लावते. क्लाससाठीचा वेगळा परवाना असतो ना, तोही रीतसर घेते. ताईंना द्या जरा फोन, मीच माफी मागते."

बाबांनी फोन दुसऱ्या कानाला लावला. "त्या नाहीत," ते म्हणाले. "गेल्या. उन्हाळ्याच्या आधीच. ईमेल मीच लिहीत होतो."

बाई म्हणाल्या, "तरीच. ताईंनी एकाच ओळीत आटपलं नसतं."

पुढचं काम होतं परकं दुकान ज्या मोठ्या बाजारात होतं, त्या बाजाराच्या साइटला तक्रार पाठवायचं. मुलीने अर्ज भरायला घेतला. मूळ फाइली, त्यांच्या तारखा, हाताचा मूळ फोटो, आपल्या साइटवरच्या अटी, सगळं जोडलं. मग प्रश्न आला : या कामाचे हक्क कोणाचे?

"आईचे," बाबा म्हणाले.

"होते. आता वारसांचे. तुमचे आणि माझे. इथे लिहावं लागतं की निर्माती हयात नाही, आणि खाली खरं असल्याची सही करावी लागते. तुमचं नाव घालू?"

"तिचंच नाव ठेवलं तर चालणार नाही?"

"तिच्या नावाने तिने तक्रार केली असं लिहिलं तर ते खोटं होईल. तो विकणारा उलट आपल्यालाच खोटं पाडेल आणि आईचा हात तिथेच राहील."

बाबा उठून खिडकीपाशी जाऊन आले. समोरच्या इमारतीत कोणीतरी लिफ्टचं दार नीट लावलं नव्हतं, ती वाजत होती. कोणीतरी येऊन लावेपर्यंत ते तिथेच थांबले. परत येऊन त्यांनी की-बोर्ड स्वतःकडे ओढला आणि एका बोटाने लिहिलं : निर्माती हयात नाही. मी तिचा नवरा.

"'पती' लिहितात अर्जात," मुलगी हळूच म्हणाली.

"नवराच राहू दे. तिला कळायला नको?"

काही दिवसांनी ती विक्री बाजाराने उतरवली. क्लासवाल्या बाईंना मुलीने क्लासचा परवाना पाठवला, आणि फाइलींची लिंक बाबांनी स्वतः, बटण दाबून पाठवली. ईमेलखालची सही बदलली. आता तिथे लिहिलंय : शिवणताईंचे घरचे.

साइटवरचं अटींचं पान मात्र बायकोने लिहिलं तसंच आहे. शिवलेले कपडे कितीही विका, पॅटर्न कोणाला देऊ नका, शंका असली तर मला विचारा, मी आहे, असं त्यात आहे. तिथला 'मी' बदलायचा आहे. तो अजून बदललेला नाही.