निघालेलं बिल

सांगलीत गणपती पेठेच्या मागे एका जिन्यावर विनोदिनीताईंचं शेअरदलालीचं ऑफिस होतं. लालासाहेब सुभेदार तिथे खिडकीजवळच्या खुर्चीत बसत. पडद्यावर आकडे तांबडे होत, हिरवे होत, आणि बघता बघता सुभेदारांना ते आकडे वाटेनासे होत. कृष्णेच्या पाण्यावर सकाळचं धुकं सरकावं तसं काहीतरी समोरून सरकत राही. त्या धुक्यापलीकडे त्यांना साताऱ्यातली एक खिडकी दिसे. खिडकीत अजिंक्यतारा, आणि खिडकीशी विजयमाला.

विजयमालाबाई साताऱ्याच्या. लग्न होऊन तासगावाकडच्या मळ्यात आल्या आणि नवरा सैन्यात असताना तीस वर्षं ऊस सांभाळत राहिल्या. म्हातारपणी साताऱ्यात राहायचं, हे सुभेदारांनी त्यांना सीमेवरून लिहिलं होतं. आता तिथे एका नव्या इमारतीत किल्ल्याकडे तोंड करून दोन खोल्या निघाल्या होत्या. गुढीपाडव्याआधी चार लाख भरायचे, उरलेले पेन्शनीतून हप्त्यांनी. ताईंकडच्या खात्यात दोन लाख होते. साखर कारखान्याचं एक लाख चाळीस हजारांचं ऊसबिल यायचं होतं. साठ हजार कमी पडत होते.

"निफ्टी सहा हजारावर हाय," सुभेदार म्हणाले. "वायद्यातले पाच लॉट घेतले तर?"

ताईंनी पेन उचललं. "एका लॉटमध्ये पन्नास नग, एकेक सहा हजाराचा. म्हणजे एक लॉट तीन लाखांचा. त्यावर बारा टक्के मार्जिन, म्हणजे अनामत, छत्तीस हजार. पाच लॉटना एक लाख ऐंशी हजार. तुम्ही दोन लाखांवर पंधरा लाखांचा माल धरणार, साडेसात पट."

"दोनशे चाळीस पॉइंट वाढला की साठ हजार सुटले."

"आणि ऐंशी पॉइंट पडला की? तुमचे मोकळे राहतात वीस हजार. पाच लॉटला एका पॉइंटमागे अडीचशे रुपये. ऐंशी पॉइंटांत वीस हजार संपले. मग लगेच पैसे भरा, नाहीतर मला सौदा तोडावा लागतो. ऐंशी पॉइंट म्हणजे सव्वा टक्क्याच्या जरा वर, तेवढा तर तो चहाच्या वेळेला हलतो. दोन लॉट घ्या सुभेदार. मार्जिन बहात्तर हजार, मोकळे सव्वा लाखाच्या वर. सहाशे पॉइंट पडला तरी साठ हजार जातील, पण सौद्यातनं तुम्हाला कोणी उठवणार नाही."

"दोन लॉटनं साठ हजार व्हायला सहाशे पॉइंट वाढाय पायजे. पाडव्यापातूर कुठं वाढतोय एवढा?" सुभेदार हसले. "आणि मोकळा पैसा हाय की ताई. बिल निघालंय."

त्यांच्या गावात 'बिल निघालं' म्हणजे पैसे आलेच. कारखान्याच्या फळ्यावर खडूनं तारीख पडली की खतवाला पोती देई, सोनार माप घेई, सोयरा लग्नाची बोलणी पुढे ढकलायचा थांबे. सुभेदारांनीही एक लाख चाळीस हजार मनातल्या मनात ताईंच्या खात्यात टाकून दिले होते. त्या हिशेबानं ते पाच लॉटही सावधपणेच घेत होते.

ताईंनी दोनदा विचारलं. मग सौदा टाकला.

चार दिवस काही झालं नाही. निफ्टी जरा वर, जरा खाली, जिथल्या तिथे. पाचव्या दिवशी दुपारी पडदा तांबडा झाला आणि तसाच राहिला. कुठल्या तरी परक्या देशात काहीतरी बिनसलं होतं. सुभेदार बघत होते. भीती अशी वाटलीच नाही. स्वप्नात आपण धावतो आणि पाय उचलत नाहीत, तसं शांत, जड वाटत होतं. बाजार बंद झाला तेव्हा आकडा होता पाच हजार आठशे.

"पन्नास हजार गेले," ताई हळू म्हणाल्या. "खात्यात दीड लाख. या भावाला पाच लॉटचं मार्जिन एक लाख चौऱ्याहत्तर हजार. चोवीस हजार कमी आहेत. उद्या बाजार उघडायच्या आत भरायचे."

"बिल हाय की."

"बँकेत जमा झालंय?"

"शुक्रवारी पडतंय."

"आज मंगळवार आहे. आणि शुक्रवारी पडलं तरी गावच्या शाखेचा चेक वटायला पुढचा आठवडा."

"आकारामकडनं रोख आणतो. भाऊ हाय माझा, न्हाई म्हणायचा न्हाई."

"रोख मला घेता येत नाही. दुसऱ्याचा चेकही चालत नाही. तुमच्याच खात्यातनं यायला हवं."

कोपऱ्यातल्या आरामखुर्चीत ताईंचे वडील विष्णुपंत डोळे मिटून पडलेले असत. सत्तरच्या दशकात ते सांगलीच्या हळदीच्या वायद्यात होते. डोळे न उघडताच ते बोलू लागले.

"आमच्या वेळी एक नाथाजी होता. हरिपुरात चार पेवं, जमिनीतली कोठारं, हळदीनं भरलेली. जमिनीखाली सोनं म्हणायचा. त्या जोरावर वायद्यात वाटेल तेवढी खरेदी केली. भाव पडला. संध्याकाळी भावातला फरक मागितला, तर म्हणाला, पेव उघडतो, हळद विकतो, देतो. आता पेव उघडलं की लगेच उतरता येत नाही. आतली हवा जायला हवी, नाहीतर माणूस मरतो. नाथाजी रात्रभर पेवाच्या तोंडाशी कंदील घेऊन बसला होता. वास सगळ्या गावभर. सकाळी त्याचे सौदे तोडले."

"मग हळद?" सुभेदारांनी विचारलं.

"हळद चांगलीच होती," विष्णुपंत म्हणाले.

घरी विजयमालाबाईंनी ताट वाढलं, नवऱ्याकडे बघितलं आणि विचारलं, "किती गेलं?"

सुभेदारांनी सगळं सांगितलं. ऐकून त्या बराच वेळ भाकरी थापत राहिल्या. "आवं, बिल माझ्या घामाचं," त्या म्हणाल्या, "आन तुमी ते यायच्या आधीच पणाला लावलं व्हय?"

"लावलं न्हाई. नुसतं धरलं हुतं."

"तेच म्हंते मी."

सकाळी बाजार शंभर पॉइंट खालीच उघडला. पाच हजार सातशे. खात्यात सव्वा लाख उरले, आणि एका लॉटला चौतीस हजार दोनशे हवे होते.

"दोन काढले तर तीन राहतात," ताई म्हणाल्या. "मोकळे बावीस हजार. दीडशे पॉइंटांची सोय. तुम्ही सांगा."

दीडशे पॉइंट. म्हणजे उद्या याच वेळी हाच प्रश्न. सुभेदारांना वाटलं, आपण पाण्यात उभे आहोत आणि नाकापर्यंतचं पाणी गळ्यापर्यंत आणायची गोष्ट चालली आहे.

"चार काढा," ते म्हणाले. "एक ठेवा."

"मोकळे नव्वद हजार," ताईंनी सौदे तोडता तोडता सांगितलं. त्यांच्या आवाजात सुटका होती.

निफ्टी त्याच आठवड्यात पाच हजार चारशेपर्यंत गेला. आणखी पंधरा हजार उतरले. पण कोणी बोलावलं नाही, कोणी काही मागितलं नाही. सुभेदार मळ्यात बसून पाटाचं पाणी सरीतून पुढे जाताना बघत राहिले. बिल सांगितल्या शुक्रवारी पडलं, आणि मार्च लागता लागता आकडा कसलाही आवाज न करता पुन्हा सहा हजारावर आला. जणू मधलं काही घडलंच नव्हतं. फक्त चार लॉट तिकडेच, खाली, राहून गेले होते. उरलेला लॉट सुभेदारांनी विकला. दलाली सोडून एक लाख चाळीस हजार हातात आले; ऊसबिल मिळून दोन लाख ऐंशी.

"दोनच लॉट घेतले असते तर आज दोन लाख असते," ते म्हणाले.

"मी बोलणार नव्हते," ताई म्हणाल्या.

किल्ल्याकडच्या खोल्यांना चार लाख लागत होते. मागच्या बाजूच्या खोल्यांना पावणेतीन. पाडव्याच्या आधी दोघं साताऱ्याला गेली. मागच्या खोलीच्या खिडकीतून शेजारच्यांची पाण्याची टाकी दिसत होती आणि पेरूचं एक झाड.

"किल्ला न्हाई दिसत," सुभेदार खाली बघत म्हणाले.

विजयमालाबाई खिडकीतून जरा बाहेर वाकल्या, मग दाराबाहेरच्या जिन्याकडे गेल्या. "वर गच्ची हाय," तिथून त्यांचा आवाज आला.

"गुडघं दुखत्यात म्हणतीस की."

"बसत बसत चढंन," त्या म्हणाल्या. "लय घाई हाय का कुठं?"

सुभेदार त्यांच्या मागोमाग जिना चढू लागले.