कल्याणीचा रथ

मी चाकांची खुर्ची बोलतेय. भोसरीच्या एका शेडमध्ये मी जुळले आणि २००८ च्या पावसाळ्यात खराडीतल्या एका इमारतीच्या सातव्या मजल्यावर आले. माझ्याकडे कोणी हौसेने येत नाही, हे मला पहिल्याच दिवशी कळलं.

माझी मालकीण कल्याणी. वय अडतीस, आयटी कंपनीत नोकरी. हळूहळू सगळे स्नायू निकामी करणारा आजार तिला जडला होता. नवरा समाधान त्याच कंपनीत होता. त्याचं घर छप्पन्न सालापासून बौद्ध. कल्याणीचे वडील गोपाळकृष्ण नारायण पेठेत राहत. चाळीस वर्षं वेदान्त शिकवून निवृत्त झालेले. लग्नानंतर नऊ वर्षं ते जावयाशी बोलले नव्हते. लेकीच्या आजाराने ते बोलू लागले, आणि मग थांबेचनात.

दर रविवारी दोन बस बदलून ते यायचे. समोरासमोर दोन खुर्च्या, मध्ये मी, माझ्यात कल्याणी. वाद नेहमी माझ्यावरूनच सुरू व्हायचा. शरीर हा रथ, बुद्धी सारथी, मन लगाम, इंद्रियं घोडे आणि आत्मा आत बसलेला धनी, असं गोपाळकृष्ण मांडायचे. समाधान हसून म्हणायचा, एका भिक्खूनेही राजाला रथच दाखवला होता. चाक रथ नाही, आस रथ नाही. भाग जुळले की आपण त्याला रथ म्हणतो, एवढंच. तसंच रूप, वेदना, संज्ञा, संस्कार आणि विज्ञान म्हणजे जाणीव, हे माणसाचे पाच स्कंध, पाच भाग. त्यांच्यापलीकडे धनी कोणी सापडत नाही.

"अहो समाधानराव, पण हे सगळं बदलतंय हे कळतं कोणाला? जो बदलतो त्याला बदल दिसत नाही. पाहणारा साक्षी वेगळाच, आणि तो तुमच्यात-माझ्यात एकच."

"बाबा, जाणीवसुद्धा कारणांमुळे उपजते आणि विझते. एका ज्योतीवरून दुसरी पेटते. मध्ये दिवा वाहून नेणारा कोणी लागत नाही."

सुरुवातीला कल्याणी पंच असायची. माझं पुढचं चाक आणि बैठक बदलली तेव्हा म्हणाली, "तुम्ही दोघं बसणाऱ्यावरून भांडा. मला ढकलणार कोण, तेवढं फक्त ठरवा." दोघे हसले. त्यांना ती थट्टा वाटली.

मग तिचा आवाज गेला. उरली अक्षरांची पाटी. सरुबाई, तिची दिवसभराची सोबतीण, एकेक अक्षरावर बोट ठेवायची. हवं ते आलं की कल्याणी पापणी लववायची.

संक्रांतीनंतर डॉक्टरांनी सांगितलं, श्वास संपत चाललाय. गळ्याला भोक पाडून यंत्र लावायचं की नाही, आठवड्यात ठरवा. त्या रविवारी दोघांनी ठरवायला घेतलं, आणि माणसं कशी असतात ते मी पाहिलं. जन्मभर देह मिथ्या म्हणणारे गोपाळकृष्ण यंत्र लावाच म्हणून अडून बसले. आत धनी नाही म्हणणारा समाधान, तिच्या आतलं आपल्यालाच ठाऊक असल्यासारखा, नको म्हणत होता. मग दोघेही पुन्हा साक्षी आणि स्कंधांत शिरले.

"कल्याणी, साक्षीला श्वास लागत नाही, हे तुला पटतं ना?" गोपाळकृष्णांनी विचारलं. तिने पापणी लववली. समाधानने आपल्या बाजूचं विचारलं. तिने पुन्हा लववली. दोघांनीही तो आपलाच होकार धरला. माझ्या पाठीला मात्र तिचा घाम लागत होता.

शेवटी सरुबाई स्वयंपाकघरातून हात पुसत आली. "ताईस्नी पाटी पायजे हाय. कवाधरनं तिकडंच बघत्यात."

तिने बोट फिरवलं. भी. ती. वा. ट. ते.

गोपाळकृष्णांनी विचारलं, "केव्हापासून, बाळा?"

दि. वा. ळी.

दिवाळीपासूनचे सगळे रविवार माझ्या डोळ्यांपुढून गेले. म्हातारा माझ्या पायदानाशी खाली बसला. "मिथ्या म्हणजे नाहीच, असं मी कधी शिकवलं नाही," तो म्हणाला. "दोरीचा साप भासला, तरी दोरी कळेपर्यंत ती भीती खरी, छातीतली धडधडही खरी. व्यवहारात साप मारायला काठीच घ्यावी लागते. पोरांना चाळीस वर्षं सांगितलं आणि इथे विसरलो."

"दुःख आहे," समाधान हळूच म्हणाला. "आमच्याकडे तर तिथूनच सुरुवात होते. ते कोणाचं, हा प्रश्नच नसतो. मी मात्र त्यातच अडकलो."

मग त्याने तिच्यासमोर वाकून पहिल्यांदाच विचारलं, यंत्र हवं का. तिने डोळे घट्ट मिटून ठेवले. म्हणजे नको.

त्या रविवारानंतर नवव्या दिवशी दुपारी ती गेली, माझ्यातच. एक हात नवऱ्याकडे, एक वडिलांकडे. भीती गेली होती का, ते तिने सांगितलं नाही. पाटीसाठी पापणी उरली नव्हती. गोपाळकृष्ण अजून रविवारी येतात. दोघे चहा पितात आणि रथाचा विषय काढत नाहीत.

उद्या मला एका शुश्रूषागृहात देणार आहेत. मी रथ आहे की नुसते जुळलेले भाग, मला ठाऊक नाही. विनंती एकच. माझ्यात कोणी बसलं असेल तर त्याच्या डोक्यावरून बोलू नका. वाका, आणि तो घाबरलाय का, एवढं आधी विचारा.