चुकणाऱ्याचं विशेषण

निलंग्याच्या शाळेत सातवीला मराठी शिकवणाऱ्या श्रीमंत नावाच्या सरांनी एक खेळ काढला होता. शब्दांच्या जातींची कार्यपत्रिका वाटायची आणि ज्याचं चुकेल त्याला वर्गानं एक विशेषण लावायचं. ते विशेषण सर फळ्यावर वाक्यात लिहीत आणि सगळी पोरं त्याच्याखाली रेघ ओढत.

विशेषणं बहुतेक तनुजाच सुचवायची. तिचं सहसा चुकत नसे. जाड्या नरसिंगला तिनं ‘ढब्बू’ केलं होतं.

शिवम्मा कर्नाटकातून मामाकडं राहायला आली होती. घरात सगळे कानडी बोलायचे. ‘ती मुलगी शाळेत जाते’ या वाक्यात तिनं ‘ती’ला सर्वनाम लिहिलं.

“पुढं ‘मुलगी’ हे नाम उभं हाय की,” सर म्हणाले. “कोणती मुलगी? ती मुलगी. मग इथं ‘ती’ विशेषण झालं. नुसतं ‘ती जाते’ असतं तर सर्वनाम. बोल तनुजा, हिला काय लावू?”

“काळी,” तनुजा म्हणाली.

‘शिवम्मा काळी आहे.’ चाळीस पोरांनी रेघ ओढली. शिवम्मानंही ओढली. त्यानंतर मधल्या सुट्टीत तिला नावानं कुणी हाक मारली नाही.

ती घरी मामीला भाजी निवडू लागताना वाक्यं पुटपुटू लागली. कोण, कोणता, कसा, कुठं, कधी. प्रत्येक शब्दाला प्रश्न विचारायचा.

पुढच्या कार्यपत्रिकेत वाक्य आलं, ‘नाजिया चांगली गाते.’ तनुजानं ‘चांगली’ला विशेषण म्हटलं.

शिवम्मा उठली. “न्हाई सर. नाजिया कशी हाय ते सांगत न्हाई. गाते कशी, ते सांगतंय. क्रियाविशेषण हाय.”

“पण ‘चांगली’ बदलतं की! चांगला, चांगली...” तनुजाचा आवाज चिरका झाला.

“बदललं तरी क्रियेबद्दलच सांगतं,” सर म्हणाले. “चुकलीस. शिवम्मा, तू लाव हिला.”

वर्ग पुढं सरकून बसला. तनुजाच्या बापानं दुसरी बायको केली होती, मायलेकी आजोळी राहायच्या, हे सगळ्यांना ठाऊक होतं. कुणी बोलत नसे.

तनुजानं शिवम्माकडं पाहिलं. मान किंचित हलवली, नको म्हणून.

“टाकलेली,” शिवम्मा म्हणाली.

सरांचा चेहरा खुलला. “वा! ‘टाकणे’ धातूपासून झालेलं. धातुसाधित विशेषण! लई भारी.”

खडू करकरला. ‘तनुजा टाकलेली मुलगी आहे.’

“नामं दोन हायत इथं,” सर म्हणाले. “विशेषणाखाली रेघ ओढा. तनुजा, तू पण.”

तनुजाच्या हातातली पेन्सिल कागदात रुतली. नरसिंग हसला, मग सगळेच हसले. शिवम्माही हसली, या वर्गात पहिल्यांदाच. तिला फार बरं वाटलं.

सोमवारपासून विशेषणं तीच सुचवू लागली.