तीनदा घुमणारा ब्रश

"रौशान, तुझे हात बर्फासारखे गार झालेत गं. तुझ्या बहिणीचं ते यंत्र तरी चेहऱ्यावर गुदगुल्या करतं."

खदिशाकाकू डोळे मिटून खुर्चीत आडव्या पडल्या होत्या आणि कुरकुरत होत्या. पडद्यापलीकडे धाकट्या बहिणीच्या, मेरुएर्तच्या, खुर्चीवर तेच यंत्र घुमत होतं. रौशानने हात गरम पाण्यात बुडवले. अल्माटीतल्या या दोन खुर्च्यांच्या पार्लरमध्ये तिने बावीस वर्षं माणसांचे चेहरे नुसत्या बोटांनी धुतले होते. धाकटी बहीण कुठलासा कोर्स करून आली, सोबत यंत्रं घेऊन आली आणि गिऱ्हाइकं पडद्यापलीकडे सरकू लागली. तेही रौशानने पचवलं असतं. पचत नव्हती ती बोता.

बोता म्हणजे अकबोता, रौशानची एकुलती एक. एकोणिसाव्या वाढदिवसाला मावशीने तिला चेहरा धुण्याचा, कंप पावणारा ब्रश दिला. तेव्हापासून पोरीच्या तोंडी सकाळ-संध्याकाळ मावशी. रविवारी आईच्या हातून चेहरा साफ करून घ्यायची तिची बारा वर्षांची सवय त्या एका ब्रशने मोडली.

पहिले दोन आठवडे चेहरा खरंच उजळला. रौशानला ते कबूल करावं लागलं, मनातल्या मनात. नाकपुडीच्या कडेला, केसांच्या रेषेपाशी बोटांना चुकणारं सनस्क्रीन आणि मेकअप तो ब्रश नीट काढायचा. एवढंच. त्याने रोमछिद्रं लहान होत नव्हती की वय मागे जात नव्हतं. पण एवढ्यावरूनही पोर मावशीचं कौतुक करू लागली की ती उठून दुसऱ्या खोलीत जायची.

ब्रश एक मिनिट चालायचा आणि आपोआप थांबायचा. तेवढंच पुरे, म्हणूनच तशी सोय केलेली. स्वयंपाकघरात चहा गाळताना रौशानला बाथरूममधून ती घुमघुम ऐकू यायची. थांबली. पुन्हा सुरू. थांबली. पुन्हा सुरू. तीन वेळा, सकाळी आणि रात्री. बाहेर उणे बारा अंश, घरात रेडिएटरची कोरडी ऊब. तिसऱ्या आठवड्यात बोताचे गाल ताणलेल्या प्लास्टिकसारखे चमकायला लागले. रौशानला ती चमक पाहताक्षणी कळली. ते तेज नव्हे. पाणी धरून ठेवणारा वरचा थर घासून गेलेला.

"मावशी, क्रीम लावलं की झोंबतं. म्हणजे आत मुरतंय ना?" जेवताना बोताने फोन स्पीकरवर टाकून विचारलं.

"थोडं हलक्या हाताने कर हं, बोता," मेरुएर्त म्हणाली. "ताई, तू बघतेस ना तिच्याकडे?"

"बघते की," रौशान म्हणाली. 'थांबव' एवढा एक शब्द पुरला असता. पण उद्या-परवा पोर आपणहून येईल, आई, बघ ना, म्हणेल, या आशेवर तिने तो शब्द गिळला.

आज पोर पार्लरमध्ये आली. थंडीतून थेट, मफलर न काढता. गाल लालबुंद, हनुवटीपाशी सालपटं, दोन ठिकाणी पाणी सुटलेलं. आली आणि सरळ मावशीच्या खुर्चीत बसली.

"अगं बाई! काय केलंस हे?" मेरुएर्त ओरडली. खदिशाकाकूंनीही पडदा सारून मान बाहेर काढली.

"सालपटं निघायला लागली, म्हटलं मळ निघतोय. म्हणून दाणेदार स्क्रब लावून ब्रश फिरवला. पुटकुळ्याही आल्या, मग आणखी घासलं."

"मी आठवड्यातून दोनदाच वापर म्हणून सांगितलं होतं! साध्या फेसवॉशने, न दाबता!"

"नुसतं सांगून काय होतं?" रौशान पडदा ओढून आत शिरली. "रोज दोन वेळा, दर वेळी तीनदा सुरू करते ती! कातडी राहील का? तो ब्रश आजपासून बंद. स्क्रब, चेहरा पुसायचं ते अ‍ॅसिडचं टोनर, सगळं बंद. कोमट पाणी, बोटं, साधं घट्ट क्रीम आणि बाहेर पडताना सनस्क्रीन. महिनाभर लागेल. आणि हे ओलं झालंय ते आजच त्वचेच्या डॉक्टरला दाखवायचं."

बोताने आईकडे मान वळवली. "तीनदा? हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं."

मेरुएर्तने हातातली बाटली उगीचच पुसायला घेतली.

"आईचे कान असतात ते," खदिशाकाकू घाईघाईने म्हणाल्या. "चहा टाकतेस का गं, मेरू? दूध जरा जास्त घाल."

"टाकते," मेरुएर्त म्हणाली, पण जागची हलली नाही. तिने ताईकडे पाहिलं आणि लगेच नजर खाली वळवली. तिला कळलं होतं. पोरीलाही कळत होतं. तिचे डोळे भरून आले होते आणि खारं पाणी गालांवर झोंबू नये म्हणून ती डोकं मागे टेकवून वर बघत होती.

रौशानने मऊ कापड गार पाण्यात बुडवून पिळलं आणि न घासता, नुसतं गालावर टेकवलं.

"रोज ऐकत होते," ती म्हणाली. "गाल चमकले त्या दिवशीच मला कळलं होतं. मुद्दाम गप्प बसले, बोता. तुझा चेहरा बिघडला की तू मावशीला सोडून माझ्याकडे येशील, म्हणून."