एकच बोअर

चार माणसांत उभं राहून बोलायचं म्हटलं की महिपतला घाम फुटायचा. पण शिवथरच्या खोऱ्यातल्या त्याच्या गावात, देवळात शेतकऱ्यांची बैठक भरली आणि तो उठलाच. त्याचा लेक प्रवीण मुंबईची नोकरी सोडून बायकापोरांसकट परतायला तयार होता. फक्त म्हणत होता, "आबा, उन्हाळ्यात पाणी असंल तर भाजी करीन." लेकाचं येणं सगळं पाण्यावर अडलं होतं.

"माझं, रावजीचं आन् चांगूचं, आपली तिघांची शेतं बांधाला बांध लागून," महिपत म्हणाला. "खाली सगळा कातळ. पाणी हाय ते कातळाच्या भेगांत. तीन बोअर मारल्या तर तिघं एकाच भेगेतनं उपसणार, आन् पुरणार कुणालाच नाय. एकच मारू. खर्च तिघांत, पाणी पाळीपाळीनं."

माना डोलल्या. शेजारचा चांगू म्हणाला, "सोळा आणे बोललास रे!"

"मारायची कुठं?" चुलतभाऊ रावजीनं विचारलं.

"माझ्या खालच्या खाचरात. पाणी बघणाऱ्या सायबानं तीच जागा दाखवलीय." आणि ते खरंच होतं.

"मंग त्या जागंचा हक्क तिघांच्या नावानं लिहून देतोस?"

अहो, 'देतो' एवढंच म्हणायचं होतं! पण वाडवडिलांची जमीन म्हटल्यावर हा शहाणा मागं सरला. "लिहायचं काय त्यात? मी काय पाणी अडवणार हाय?" तो पुटपुटला.

"बघा! पैसं आमचं आन् बोअर याची!" रावजी ताडकन उठला. त्याच्यामागे बैठकही उठली.

मग काय, चढाओढच लागली. आधी महिपतनं मारली, पाणी लागलं. मग रावजीनं मारली, त्यालाही लागलं. चांगूची खोदताना मशिनीनं खाली हवा सोडली, तर पलीकडे महिपतच्या बोअरच्या तोंडातनं गढूळ फेस उसळून वर आला. तिघंही बघत राहिले. भेग एकच होती, हे आता आंधळ्यालाही दिसलं असतं. पण थांबायचं कुणी? चांगू मशीनवाल्यावर ओरडला, "अजून खोल जाऊ दे!"

पुढे लाईट आली की तिन्ही पंप एकदम सुरू. दुसऱ्यानं आधी ओढायला नको ना! शिमगा आला तोवर पंप थोडं पाणी टाकून नुसती हवा ओढायला लागले. महिपतनं लावलेली मिरची उभ्याउभ्या वाळली.

त्याच आठवड्यात प्रवीणचा फोन आला. "आबा, उद्या राजीनामा देतोय. पाणी हाय ना?"

महिपतची बायको ठकूबाई हातातलं काम टाकून जवळ आली. नातवाचा आवाज ऐकायला मिळेल म्हणून तिनं फोनला कान लावला.

"नको देऊस," महिपत म्हणाला. "पाणी लागलं होतं रे. मीच घालवलं."